एक तास म्हणजे नेमका कशाचा एक तास? (मुलगा ३ वर्षं ४ महिने, जेवताना मोबाइल लागतो)

माधवी७

नमस्कार. मुलगा ३ वर्षं ४ महिन्यांचा, मुलगी ९ वर्षांची, चौथीत. आम्ही ठाण्यात राहतो. नवरा आणि मी दोघंही नोकरी करतो. दिवसभर सासूबाई मुलांपाशी असतात, आणि त्या आहेत म्हणूनच माझी नोकरी चालू आहे. खालचं वाचून कुणी त्यांना बोल लावू नये म्हणून हे आधीच लिहिते.

मागच्या महिन्यात मुलाला सर्दी झाली म्हणून डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी सहज विचारलं, रोज मोबाइल किती बघतो? मी म्हटलं, एखाद तास. ते म्हणाले, २ ते ५ वर्षांच्या मुलाला जास्तीत जास्त तेवढाच चालतो, मग ठीक आहे. घरी आल्यावर मनाला लागून राहिलं, कारण मी अंदाजाने उत्तर दिलं होतं. मग चार दिवस सासूबाई आणि मी मिळून वहीत लिहून ठेवलं. सकाळी दूध पिताना २० मिनिटं, दुपारी जेवताना ४०, संध्याकाळी मी स्वयंपाक करते तेव्हा ३५, रात्री जेवताना ४५. म्हणजे २ तास २० मिनिटं, आणि हा फक्त मोबाइल. शिवाय दुपारी ३ ते ५ सासूबाईंच्या मालिका चालू असतात. तो तिथेच गाड्या खेळत बसतो, मध्येच मान वर करून बघतो.

माझे प्रश्न असे. या एका तासात टीव्ही धरायचा का? मागे नुसता चालू असलेला धरायचा का? आणि कमी करायला सुरुवात कुठून करू? जेवणाचा मोबाइल काढला की तो तोंडच उघडत नाही. मुलीचा वेगळा प्रश्न आहे. वर्गाचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर येतो. तो तिच्या वेळेत मोजायचा का?

अनिकेत_नाशिक

ताई, मूळ त्रास निळ्या प्रकाशाचा आहे. मोबाइल डोळ्यांजवळ असतो म्हणून तो मोजायचा, टीव्ही आठ-दहा फुटांवर असतो म्हणून नाही मोजला तरी चालतो. मोबाइलवर पिवळा मोड लावून ठेवा आणि मुलीला निळा प्रकाश अडवणारा चष्मा घ्या. आम्ही दोन्ही केलं. माझ्या मुलाला आता झोप लवकर लागते.

बालरोग_कोल्हापूर

अनिकेत, रात्रीच्या उजेडाने झोप लांबते हे तुमचं बरोबर आहे, पण वेळेची मर्यादा त्यासाठी घातलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जी सूचना काढली, तिच्यात मुलाचे चोवीस तास मोजले आहेत. ३-४ वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास झोप हवी, दिवसभरात मिळून ३ तास हालचाल हवी, आणि उरलेल्यात जेवण, अंघोळ, माणसांशी बोलणं. त्यातून बसून पडदा बघायला एक तासापेक्षा जास्त देऊ नका, आणि कमी दिलात तर अधिक चांगलं, असं त्यांचं म्हणणं. पडदा लांब आहे की जवळ, याने यात फरक पडत नाही. टीव्हीसमोर बसलेलं मूल जागेवरच बसलेलं असतं, म्हणून टीव्ही त्या तासात धरायचा. चष्म्याबद्दल सांगायचं तर त्याने डोळ्यांचा ताण कमी होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तो खर्च करू नका.

मागे चालू असलेला टीव्ही मी त्या तासात धरत नाही, पण तो निरुपद्रवी आहे असंही मानत नाही. टीव्ही चालू असला की मोठी माणसं मुलाशी कमी बोलतात आणि मुलाचा खेळ तुटत राहतो. माधवीताई, घरी एक करून बघा. टीव्ही चालू असताना दहा मिनिटं त्याच्याकडे बघत बसा आणि एका खेळात तो सलग किती वेळ राहतो ते पाहा. दुसऱ्या दिवशी टीव्ही बंद ठेवून तेच करा.

भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची, इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सची, सूचना २०२२ साली छापून आली. तिच्यात २ वर्षांपर्यंत काहीही नाही, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल तेवढा चालेल. २ ते ५ वर्षांना जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस सोबत असताना. ५ ते १० वर्षांना दोन तासांपेक्षा कमी. त्यापुढच्या मुलांना तासांचा आकडा दिलेला नाही. तिथे झोप, मैदान, अभ्यास आणि घरातल्यांबरोबरचा वेळ पडद्याने खाल्ला नाही ना, हे बघायचं.

शेवंती

डॉक्टर, इथेच विचारते. माझी भाची २२ महिन्यांची आहे. एकही शब्द बोलत नाही. आईच्या मोबाइलवर गाणी लावली की तासन् तास शांत बसते. कुणीतरी सांगितलं की हा मोबाइलमुळे होणारा ऑटिझम आहे, मोबाइल तीन महिने बंद करा, आपोआप बोलायला लागेल. बहीण आता तीन महिने थांबणार आहे. हे बरोबर आहे का?

बालरोग_कोल्हापूर

शेवंतीताई, मोबाइल आजच बंद करा, पण तीन महिने थांबू नका. मोबाइलमुळे ऑटिझम होतो असं सिद्ध झालेलं नाही. ज्या मुलांना मुळातच माणसांशी संवाद जड जातो ती पडद्याकडे जास्त ओढली जातात. त्यामुळे आधी काय झालं, हे घरच्यांना उलटं दिसू शकतं. १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, २४ महिन्यांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर तपासणी करतातच. पहिली तपासणी कानांची. नावाने हाक मारल्यावर वळते का, हवं ते बोटाने दाखवते का, तुम्ही दाखवाल तिकडे बघते का, हे लिहून घ्या आणि याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे न्या. मोबाइल बंद करणं आणि तपासणी ही दोन्ही कामं एकदमच व्हायला हवीत.

शेवंती

हाक मारल्यावर वळत नाही. आजच बहिणीला फोन करते.

बालवाडीताई

मी बावीस वर्षं बालवाडी चालवते. जेवणाचं लिहिते, बाकीचं डॉक्टर सांगतीलच.

डब्याच्या वेळी कोणतं मूल घरी मोबाइलवर जेवतं ते मला पहिल्या आठवड्यात कळतं. ते मूल डबा समोर ठेवून नुसतं बसतं. भूक नसते असं नाही. घास उचलायचा हेच त्याला ठाऊक नसतं, कारण घरी तोंड आपोआप उघडतं आणि घास आत जातो. दुसरी खूण म्हणजे तोबरा. घास गालात धरून ठेवतात, चावत नाहीत. पडद्याकडे बघताना चावायचं लक्षात राहत नाही ना!

यावर आज्या मला सांगतात, आम्हीसुद्धा चिऊचा घास, काऊचा घास करून भरवायचो, तेही मन रमवणंच होतं की. ते मन रमवणं होतं, हे मान्यच आहे. पण चिऊच्या घासात मूल घासाकडे बघतं, आजीच्या तोंडाकडे बघतं, मध्येच "आता माऊचा" म्हणतं, आणि पोट भरलं की मान फिरवतं आणि आजीला ते दिसतं. मोबाइलसमोर मान फिरत नाही. म्हणून काही मुलं पोट भरल्यावरही खात राहतात आणि काही नुसती चघळत बसतात.

सुहास_ग

तांत्रिक बाजू लिहितो. आपल्याकडे बहुतेक घरांत मुलाचा वेगळा फोन नसतो, आईचा नाहीतर आजीचा असतो. त्यामुळे `Family Link` लावा हा सल्ला इथे अर्धाच कामाचा. ते मुलाच्या खात्यावर चालतं. आजीच्या खात्यावर चालू असलेल्या यूट्यूबला ते हात लावत नाही.

आजीच्या अँड्रॉइड फोनवर तीन गोष्टी करा. यूट्यूबमध्ये `Autoplay` बंद करा, म्हणजे एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप लागत नाही. शक्य असेल तर `YouTube Kids` घ्या. त्यात कुलपाच्या चिन्हावर दाबून आत `Timer` असतो. वेळ संपली की ॲप स्वतःच थांबतं, म्हणजे थांबवणारी आजी ठरत नाही. तिसरी गोष्ट, `Settings` मध्ये शोधलंत तर `App pinning` मिळेल. त्याने फोन एकाच ॲपवर अडकून राहतो. कंपनीप्रमाणे ते वेगवेगळ्या जागी असतं. ते चालू करताना `Ask for PIN before unpinning` पण चालू करा, नाहीतर मूल दोन मिनिटांत बाहेर पडतं. आयफोनवर याच कामाला `Guided Access` आहे, आणि त्यात वेळही लावता येते.

एक इशारा. `Digital Wellbeing` मधले ॲपचे टायमर लहान मुलाला रोखतात, ९ वर्षांच्या मुलीला नाही. उघडा फोन हातात असला की ते कुणालाही काढता येतात.

कल्पना_पा

मी थोडं वेगळं सांगते. माझा मुलगा दोन वर्षांपासून मोबाइलवर जेवला. आज बारा वर्षांचा आहे, कबड्डी खेळतो, अभ्यासात बरा आहे. मी एकटी होते, त्याचे बाबा बोटीवर. तो मोबाइल नसता तर मला त्या दोन वर्षांत एक वेळचं गरम जेवण मिळालं नसतं. ज्या घरात हात कमी आहेत त्या घराला एक तासाचा नियम सांगताना थोडा विचार करा.

बालवाडीताई

कल्पना, तुमचं म्हणणं मला पटतं. तुमच्या वेळी तोच हात होता. माधवीच्या घरी आजी आहेत, म्हणून मी हे लिहितेय.

बालरोग_कोल्हापूर

माधवीताई, आता तुमच्या वहीबद्दल. तुमच्या १४० मिनिटांत १०५ मिनिटं खाण्यापिण्याची आहेत. म्हणजे सगळीकडून थोडं थोडं कापायची गरज नाही. खाण्याचा मोबाइल गेला की उरतात संध्याकाळची ३५ मिनिटं, आणि ती एक तासात बसतात. ती आत्ता काढू नका. त्या वेळी तुम्हाला मोकळे हात हवेत, आणि सगळं एकाच वेळी बंद केलेलं घर आठवडाभरही टिकत नाही, असं मी बघत आलोय.

क्रम असा ठेवा. आधी रात्रीचं जेवण, कारण तेव्हा तुम्ही दोघंही घरी असता. ते बसलं की दुपारचं, शेवटी सकाळचं दूध. रात्रीचं जेवण किती वाजता असतं? त्याआधी काय खातो?

माधवी७

साडेआठला. सात वाजता एक मोठा कप दूध आणि तीन-चार बिस्किटं.

बालरोग_कोल्हापूर

मग साडेआठला त्याला भूकच नसते, आणि भूक नसलेल्या मुलाला भरवायला मोबाइल लागतो. सातचं दूध-बिस्किट साडेपाचला न्या, मध्ये फक्त पाणी. दिवसभरात दूध सगळं मिळून ४००-५०० मिलिलिटरच्या वर नको. जेवण आठला करा, सगळ्यांनी एकत्र. ताटात थोडं वाढा, तुमच्या अंदाजाच्या अर्धंच. त्याला स्वतःच्या हाताने खाऊ द्या, सांडू द्या. अर्ध्या तासाने ताट उचला, मग दोन घास खाल्लेले असोत की दहा. न रागावता उचला, आणि नंतर "निदान बिस्किट तरी खा" नको.

पहिले तीन-चार दिवस तो कमी खाईल, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडणं वाढेल. रोज मिळणारी गोष्ट थांबली की मूल आधी जास्त जोर लावून बघतं. पालक नेमके इथेच मागे फिरतात. त्या वेळी मोबाइल दिलात तर तो शिकेल की वीस मिनिटं रडून मिळत नाही, चाळीस मिनिटं रडावं लागतं. वजन चांगलं असलेलं, खेळणारं, लघवी नेहमीसारखी होणारं मूल चार दिवस कमी जेवलं तर बिघडत नाही. वजन आधीच कमी असेल, घट्ट पदार्थ खाताना ठसका लागत असेल, किंवा एरवीही चार-पाचच पदार्थ खात असेल, तर मात्र हे स्वतःहून करू नका. आधी दाखवा.

नेहा_स्टॉकहोम

इथे स्वीडनमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये सार्वजनिक आरोग्य संस्थेने आकडे जाहीर केले. २ वर्षांखाली नाही, २ ते ५ जास्तीत जास्त एक तास, ६ ते १२ एक ते दोन तास, १३ ते १८ दोन ते तीन तास. झोपण्याआधी पडदा नको आणि रात्री फोन झोपायच्या खोलीत नको, हेही त्यात आहे. हे सगळं शाळेबाहेरच्या मोकळ्या वेळेचं आहे. माधवी, तुमच्या मुलीच्या गृहपाठाचं उत्तर इथल्या हिशोबाने "मोजायचा नाही" असं येईल.

बालरोग_कोल्हापूर

मला ते पूर्ण पटत नाही. ९ वर्षांच्या मुलीचा गृहपाठ करमणुकीत धरू नये, हे ठीक. पण डोळ्यांना आणि मानेला तो अभ्यास आहे की खेळ, हे कळत नाही. जवळचं काम वाढतं आणि उन्हातला वेळ घटतो, तसा चष्म्याचा नंबर वाढतो. त्यामुळे मी दोन हिशोब ठेवायला सांगतो, करमणुकीचा वेगळा आणि एकूण वेगळा. एकूण वाढला त्या दिवशी मैदान चुकवायचं नाही.

माधवी७

व्यवहारात गोची अशी की गृहपाठ बघायला फोन घेते आणि त्याच फोनवर वीस मिनिटं रील्स बघून येते. मोजायचं कसं?

सुहास_ग

गृहपाठ तुम्ही वहीत उतरवून द्या किंवा छापून घ्या. फोन तिच्या हातात जायलाच नको. आमच्या इमारतीत तीन आयांनी मिळून वर्गशिक्षिकांना विचारलं. आता त्या गृहपाठ वर्गातच फळ्यावरून लिहून देतात आणि ग्रुपवर फक्त फोटो टाकतात. सगळ्याच शाळा ऐकतील असं नाही.

अनिकेत_नाशिक

मी मुलाला असं ठरवून दिलंय, अर्धा तास अभ्यास केला की अर्धा तास मोबाइल. चांगलं चालतंय. मुलीला हे करून बघा.

बालवाडीताई

अनिकेत, काही दिवस चालेल. पण मग अभ्यास ही मोबाइलसाठी भरायची किंमत होते, आणि मोबाइल घरातली सगळ्यात मोलाची वस्तू ठरते. नुसता क्रम ठेवा. आधी अभ्यास आणि खेळ, मग ठरलेली वेळ. अभ्यास जास्त केला म्हणून मोबाइल वाढणार नाही आणि कमी केला म्हणून कापला जाणार नाही.

अनिकेत_नाशिक

क्रमच तर आहे की हा. मला फरक कळला नाही, पण विचार करतो.

आजोबा_सातारा

नातू १४ वर्षांचा आहे. त्याच्यासाठी तासच सांगितलेले नाहीत म्हणता, मग आम्ही काय धरून बसायचं? रात्री एक-दीडपर्यंत खोलीत फोनचा उजेड दिसतो. सकाळी उठत नाही, घरात वाद होतात. मुलगा म्हणतो सगळीच मुलं असं करतात.

बालरोग_कोल्हापूर

काका, या वयात तासांवरून भांडण सुरू केलंत तर ते संपत नाही. जागेवरून सुरू करा. रात्री दहाला घरातले सगळे फोन दिवाणखान्यात चार्जिंगला, तुमचा आणि मुलाचा धरून. गजराला साधं घड्याळ आणा, कारण "गजरासाठी फोन लागतो" हे पहिलं कारण येणार. १४ वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप लागते. सहाला उठायचं असेल तर दहाला झोपून जेमतेम आठ होतात. हे गणित त्याच्यासमोर कागदावर मांडा, तो लहान नाही. आणि दिवसा फारच गप्प असेल, मित्र सोडले असतील, तर फोन काढण्याआधी काय झालंय ते विचारा.

आजोबा_सातारा

मुलाचा फोन बाहेर ठेवायला सांगणं, हेच अवघड आहे. बघतो.

माधवी७ (सहा दिवसांनी)

सुरुवात केली. वेळा लिहून ठेवल्यात.

पहिला दिवस: चार घास, ३५ मिनिटं रडला. दुसरा: मेतकूट-भात थोडा खाल्ला, रडणं २५ मिनिटं. मला वाटलं जमतंय. तिसरा: ताट ढकललं, ५० मिनिटं रडला, खाली आडवा पडून. चौथ्या दिवशी मला ऑफिसातून यायला उशीर झाला. सासूबाईंच्याने बघवलं नाही, त्यांनी मोबाइल दिला. पाचव्या दिवशी परत पहिल्यासारखं, तासभर.

काल रात्री मुलं झोपल्यावर त्या मला म्हणाल्या, "उपाशी झोपलेलं पोर मला बघवत नाही गं. आमच्याकडे पाहुणासुद्धा उपाशी झोपत नाही." मला उत्तर सुचलं नाही. काय बोलू?

बालवाडीताई

त्यांना उत्तर देऊ नका, काम द्या. बंद करायचं म्हटलं की आजीच्या हातून एक गोष्ट काढून घेतली जाते आणि बदल्यात काही मिळत नाही. तो रडायला लागला की त्यांनी काय करायचं, हे ठरलेलं हवं. जेवणाच्या आधी दहा मिनिटं त्याला त्यांच्यासोबत बसवा. मटार सोलू दे, कोथिंबीर निवडू दे, ताटं मांडू दे. वाढायचं काम त्यांच्याकडेच ठेवा. आणि साडेपाचचं खाणं पोटभर असू द्या. बिस्किटाऐवजी उपमा, थालीपीठ, शेंगदाण्याचा लाडू, जे त्या करतात ते. मग मूल उपाशी झोपलं असं त्यांना वाटणार नाही, आणि ते खरंही नसेल.

सुहास_ग

संध्याकाळच्या ३५ मिनिटांचं एक सुचवतो. मोबाइलऐवजी टीव्हीवर दाखवा. तिथे बोटाने सरकवून पुढचा व्हिडिओ लावता येत नाही, आणि काय चाललंय ते स्वयंपाकघरातून ऐकू येतं. "अर्धा तास" त्या वयाला कळत नाही. "दोन गोष्टी" कळतं.

बालरोग_कोल्हापूर

आणि बंद करायच्या दोन मिनिटं आधी सूचना द्यायची, हा सल्ला आपण सगळेच देतो. मीही द्यायचो. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या एका अभ्यासात, २०१६ साली, लहान मुलांच्या घरांत उलटं दिसलं. सूचना दिली की बंद करताना त्रागा वाढत होता. भाग आपणहून संपला, किंवा ते रोजच्या क्रमातच बसलेलं असलं, की मुलं सहज उठत होती. म्हणून भाग मध्येच तोडू नका. दोन भाग संपले की रिमोटचं बटण त्यालाच दाबू द्या.

कल्पना_पा

माझ्या मुलाला सूचना दिलेली चालायची. सगळी मुलं सारखी नसतात.

शेवंती

भाचीची कानांची तपासणी झाली. एका कानाला कमी ऐकू येतंय असं पहिल्या चाचणीत दिसतंय, दुसऱ्या कानाची पुन्हा करायची आहे. पुढच्या आठवड्यात मोठ्या रुग्णालयात वेळ मिळालीय. इथे विचारलं नसतं तर तीन महिने गेले असते.

माधवी७ (आणखी अठरा दिवसांनी)

रात्रीचं जेवण मोबाइलशिवाय होतंय, पंधरा दिवस झाले. आठव्या दिवसानंतर रडणं पाच-सात मिनिटांवर आलं, अकराव्या दिवशी मोबाइल मागितलाच नाही. आमटी-भात स्वतः खातो, अर्धा पाटावर सांडतो. जेवण २५ मिनिटांत संपतं, आधी ४५ लागायची. वजन परवा केलं, घटलेलं नाही. साडेपाचला सासूबाई थालीपीठ करतात, त्याला पीठ मळायला छोटा गोळा देतात. त्यांनीच परवा शेजारच्या काकूंना सांगितलं की आमच्याकडे जेवताना मोबाइल नसतो.

दुपारचं जेवण अजून निम्मं जमलंय. सासूबाईंची पाठ दुखत असेल त्या दिवशी मोबाइल लागतो, आणि मी त्यावर बोलत नाही. सकाळच्या दुधाला हात लावलेला नाही. संध्याकाळच्या दोन गोष्टी टीव्हीवर, बटण तोच दाबतो.

डॉक्टरांनी सांगितलेलं दहा मिनिटांचं करून बघितलं. मालिका चालू असताना तो गाड्यांत सलग दीड-दोन मिनिटं राहत होता. टीव्ही बंद असताना पहिल्याच दिवशी नऊ मिनिटं, आणि तोंडाने अखंड बडबड. सासूबाईंनीही ते माझ्यासोबत बसून बघितलं. आता तीनची मालिका रात्री मुलं झोपल्यावर बघतात. चारची सोडायला तयार नाहीत, त्या तासात तो वर मुलीबरोबर गच्चीवर जातो.

मुलीचं मात्र अडलंय. शिक्षिकांना विचारलं, त्या म्हणाल्या सगळ्या वर्गासाठी बदल करता येणार नाही. मी वहीत उतरवून देते, पण महिन्यातून दोन-तीनदा बघायला व्हिडिओच देतात. आणि नवरा जेवताना स्वतःचा फोन बघतो. परवा मुलाने त्याच्याकडे बोट दाखवून विचारलं, "बाबाला का दिला?" त्याने त्या दिवशी फोन ठेवला, काल पुन्हा ताटाशेजारी होता. ज्यांच्या घरी हे सुटलंय त्यांनी कसं सोडवलं ते लिहा.